पिवळं पडलेलं सोल आणि पांढरे शूज: डेव्हलपर क्रीम सात महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरपासून वापरतोय म्हणून आता लिहितोय, कारण पहिल्या दिवशी सगळंच छान दिसतं, खरं काय ते तीन-चार महिन्यांनी कळतं. माझ्याकडे पांढऱ्या शूजच्या दोन जोड्या आहेत, एक कॅनव्हासची, तिला खालून रबराची जाड पट्टी फिरवलेली असते ना तसली, आणि दुसरी वर मेश आणि खाली फोमचं सोल असलेली. दोन्ही दीड-दोन वर्षं वापरलेल्या. वर धुतल्यावर बऱ्या दिसायच्या पण सोल पिवळं, जुन्या स्विचबोर्डसारखं.

आधी एक गोष्ट तपासा. सोलवर एक बोटभर जागा ओल्या मॅजिक स्पंजने घासून बघा. तिथे पांढरं निघालं तर ती फक्त घाण आहे, डिश वॉशचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश पुरे. घासूनही तितकंच पिवळं राहिलं तर रबर स्वतःच बदललंय, हवा आणि उन्हाने त्याचं ऑक्सिडेशन झालंय, मग टूथपेस्ट लावा नाहीतर लिंबू, फरक पडत नाही. टूथपेस्टने मी आठवडाभर घासलंय, सोलवर बारीक चरे पडले आणि त्यात घाण आणखी लवकर बसायला लागली.

या पिवळेपणाला चालतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन, दोन्ही एकत्र. पार्लरमध्ये केस रंगवताना वापरतात ते क्रीम डेव्हलपर म्हणजे तेच. तुळशीबागेच्या बाजूला पार्लरचं सामान मिळतं त्या दुकानातून २० व्हॉल्यूमची बाटली आणली, म्हणजे ६ टक्के. दुकानदार म्हणाला ४० घ्या, लवकर होईल. ४० म्हणजे १२ टक्के, ते मी मुद्दाम नाही घेतलं, कारण त्याने काम पटकन होतं पण जिथे थर जाड तिथे जास्त पांढरं आणि जिथे पातळ तिथे पिवळं असे पट्टे पडायची भीती जास्त, आणि कॅनव्हासवर गेलं तरी आणि हाताला लागलं तरी त्रास जास्त. ६ टक्केसुद्धा हाताला लागलं की कातडी पांढरी पडून चरचरते, त्यामुळे ग्लोव्हज घालाच. पातळ औषधी पेरॉक्साइड नको, ते ओघळतं, क्रीम जागेवर राहतं.

मी कसं करतो ते सांगतो. आधी सोल धुऊन पूर्ण कोरडं करायचं. मग कॅनव्हास जिथे रबराला भेटतो तिथे कडेकडेने पेंटरचा कागदी मास्किंग टेप, नखाने दाबून बसवायचा, आणि सोलवर लाल किंवा निळी रेघ असेल तर तिच्यावरही टेप, नाहीतर ती फिकी पडते. जुन्या ब्रशने क्रीमचा सगळीकडे सारखा जाड थर, एका जोडीला साधारण दोन मोठे चमचे लागतात, आणि वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळायची. ही फिल्म सोडू नका, कारण क्रीम वाळलं की काम थांबतं आणि अर्धं वाळलं अर्धं ओलं असेल तर तिथेच ते डाग पडतात. सकाळी ९ ते ११ च्या उन्हात ठेवायचं, अर्ध्या तासाने फिल्म वरून बोटाने दाबून क्रीम जरा हलवायचं, कोरडं वाटलं तर फिल्म उघडून ताजं लावायचं. दोन तासांनी पुसून, ओल्या फडक्याने चार वेळा साफ करून बघायचं. माझ्या कॅनव्हासच्या जोडीला असे तीन रविवार लागले, पहिल्या रविवारी निम्मं पिवळं गेलं, दुसऱ्याला बराच फरक, तिसऱ्याला टोकाजवळची टोपी सोडून सगळं पांढरं. टोपी अजून थोडी हस्तिदंती आहे, ती तशीच राहू दिली.

आता चूक. एप्रिलमध्ये मेशवाल्या जोडीला मी घाईत क्रीम लावून दुपारी १२ ला गच्चीवर ठेवलं आणि कामात चारपर्यंत तिकडे गेलोच नाही. पुण्याचं एप्रिलमधलं दुपारचं ऊन, त्यात खाली तापलेली फरशी आणि वर प्लास्टिकची फिल्म, आत किती तापलं असेल बघा. संध्याकाळी पुढच्या टोकाला सोल आणि मेशच्या मध्ये नख आरामात जाईल इतकी फट. शूजचा चिकट गोंद जास्त उष्णतेला मऊ होतो आणि चालताना वाकणाऱ्या जागी आधी सुटतो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी सोल्यूशन लावून रात्रभर दाबून ठेवलं, धरलंय, पण तिथे आता बारीक पिवळी रेघ दिसते. तेव्हापासून दुपारचं ऊन नाही, आणि शूज फरशीवर नाही तर लाकडी पाटावर. याच कारणाने हेअर ड्रायरही नको आणि मशीनमध्ये गरम पाण्याचा मोड तर अजिबात नको.

वरच्या कापडाचं वेगळं दुखणं. आमच्याकडे वाघोलीत टँकर आणि बोअरचं पाणी, साबण नीट निघतच नाही, त्यामुळे धुताना पांढराशुभ्र दिसणारा कॅनव्हास वाळल्यावर शिवणीजवळ पिवळट व्हायचा. आई म्हणायची निरमा जास्त घाल, मी घालायचो आणि आणखी पिवळा व्हायचा. तो डाग नुसत्या बाहेरच्या घाणीचा नसतो, कापडात राहिलेला साबण आणि मळ पाण्याबरोबर कडेला येतो आणि पाणी उडालं की तिथेच बसतो. आता फक्त अर्धा चमचा लिक्विड डिटर्जंट एका मग पाण्यात, तो फेस मऊ ब्रशने लावायचा, शूज बादलीत बुडवायचे नाहीत, मेशवर तर ब्रश गोल न फिरवता एकाच दिशेने आणि हलक्या हाताने, नाहीतर धागे पिसारतात. साध्या पाण्याने तीनदा, शेवटी एक मग पाण्यात एक चमचा पांढरा व्हिनेगर. मग बाहेरून पांढऱ्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून पंख्याखाली सावलीत, म्हणजे पिवळं पाणी कापडाच्या कडेला न थांबता कागदात जातं, सकाळी कागद काढला की त्यावर पिवळट कडा उमटलेली दिसते. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई लागते, जुना पांढरा बनियन कोंबा.

कपड्यांचं क्लोरीन ब्लीच मात्र लांब ठेवा. मेशमध्ये नायलॉन किंवा ताणला जाणारा धागा असतो तो त्याने उलट पिवळा पडतो आणि कमजोर होतो. आणि ते व्हिनेगरबरोबर तर चुकूनही नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

टिकतं किती? ऑक्टोबरमध्ये पांढरं झालेलं सोल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पांढरं होतं, मग हळूहळू मलईच्या रंगाचं व्हायला लागलं. मार्चमध्ये एकच राउंड दिला, पुरला. वारंवार करत नाही, दर वेळी रबर थोडं कोरडं आणि ताठ वाटतं, माझ्या मते वर्षाला दोनदा बास.

गेल्या आठवड्यात दादाने माळ्यावरचे सात वर्षांपूर्वीचे शूज आणून दिले, यांचंही कर म्हणाला. सोलला अंगठा दाबला तर चिकट लागलं आणि कडेचा तुकडाच हातात आला. ते पॉलीयुरेथेनचं सोल, दमट हवेने आतून कुजलेलं, पेरॉक्साइड लावलं असतं तरी काही फायदा नव्हता. तसेच परत दिले त्याला.