शब्दयादी की प्रश्नांचा क्रम? इंग्रजीतून दुखणं सांगायच्या दोन तयाऱ्या

कामापुरतं इंग्रजी येतं, पण डॉक्टरला किंवा फार्मसिस्टला इंग्रजीतून दुखणं सांगायचं म्हटलं की जीभ अडखळते, अशांना तयारीच्या दोन वाटा दिसतात. एक म्हणजे लक्षणांची शब्दयादी पाठ करायची. डोक्यापासून पायापर्यंत अवयवांची नावं आणि प्रत्येकासमोर त्याच्या तक्रारी. दुसरी म्हणजे डॉक्टर ज्या क्रमाने प्रश्न विचारतात तो क्रम समजून घ्यायचा आणि प्रत्येक प्रश्नाला आपलं एखाद-दुसरं वाक्य तयार ठेवायचं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. यादी अजून मोबाइलमध्ये आहे आणि अधूनमधून उघडतोही. पण तपासणीच्या खोलीत शिरताना डोक्यात क्रम असतो.

आधी यादीची बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. त्वचेची तक्रार असेल तर यादीसारखं काही नाही. पुरळ आलं असेल तर ‘रॅश’, पाण्याने भरलेला फोड असेल तर ‘ब्लिस्टर’, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या असतील तर ‘हाइव्ह्ज’, खाज असेल तर ‘इची’. बाकी सगळं डॉक्टर डोळ्यांनी बघणारच असतो, त्यामुळे एक नेमका शब्द पुरतो. हातापायाला मुंग्या येणं म्हणजे ‘पिन्स अँड नीडल्स’ आणि बधिर होणं म्हणजे ‘नंब’, हेही यादीशिवाय सुचणं कठीण. ऐन वेळी अशा गोष्टी हातवाऱ्यांनी दाखवता येत नाहीत.

पण मला यादीचा कंटाळा आला तो एकाच गोष्टीमुळे. यादीत बहुतेक नामं असतात आणि त्यातली निम्मी आजारांची नावं असतात. आपण पाठ केलेलं नाव घेऊन आत जातो आणि म्हणतो, ‘आय हॅव गॅस्ट्रायटिस’. डॉक्टर मान वर करून विचारतो, ‘हू टोल्ड यू दॅट?’ मग म्हणतो, ‘टेल मी व्हॉट यू फील’. इथे गाडी अडते. काय वाटतंय हे सांगायला क्रियापदं लागतात: दुखायला लागतं, मध्येच थांबतं, झोपलं की वाढतं, गोळी घेतली की तासाभराने पुन्हा सुरू होतं. यादीत ती नसतात. इतकी मेहनत करून आपल्याजवळ फक्त निदान उरतं, आणि ते करणं तर समोरच्याचं काम. माझ्या बाबतीत हे इतक्या वेळा झालं की शेवटी मी आजाराचं नाव घेणंच सोडलं. आधीच्या डॉक्टरने केलेलं निदान असेल तर तेवढं सांगतो, तेही ‘माय डॉक्टर सेड इट वॉज गॅस्ट्रायटिस’ असं, म्हणजे ते मत कुणाचं ते कळतं.

आता क्रम. वैद्यकीय विद्यार्थ्यांना वेदनेविषयी काय काय विचारायचं हे लक्षात राहावं म्हणून ‘सॉक्रेटिस’ या नावाची एक इंग्रजी अक्षरमाला शिकवतात. जागा कुठली, सुरुवात कशी झाली, वेदना कोणत्या प्रकारची, कुठे पसरते का, सोबत आणखी काय होतं, वेळेनुसार कशी बदलते, कशाने वाढते किंवा कमी होते आणि किती तीव्र आहे, असे आठ प्रश्न. समोरचा डॉक्टर ही अक्षरं मोजत बसत नाही, पण त्याचे प्रश्न याच वाटेने जातात. म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते.

पोटदुखीचं एक उदाहरण घेतो. जागेसाठी ‘स्टमक’ या शब्दावर विसंबू नये, कारण बोलीत तो सगळ्या पोटाला लागू पडतो. बोट ठेवून ‘इट हर्ट्स राइट हिअर, जस्ट बिलो द रिब्ज’ म्हणावं. सुरुवात सांगताना आपण ‘सिन्स थ्री डेज’ म्हणतो. ते समजतं, पण ‘फॉर थ्री डेज’ हे बरोबर, आणि त्याहून सोपं म्हणजे वार सांगणं: ‘इट स्टार्टेड ऑन मंडे’. हळूहळू सुरू झालं की एकदम, तेही जोडावं: ‘ग्रॅज्युअली’ किंवा ‘ऑल ऑफ अ सडन’. या एका शब्दावर डॉक्टरचा पुढचा विचार बराच बदलतो.

वेदनेच्या प्रकाराला मात्र यादी लागतेच, पण छोटी. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल वेदना प्रश्नावलीत इंग्रजीतले 78 शब्द 20 गटांत मांडले आहेत. आपल्याला त्यातले चार-पाच पुरे. जळजळ असेल तर ‘बर्निंग’, सुरी खुपसल्यासारखं असेल तर ‘स्टॅबिंग’, पिळवटून येत असेल तर ‘क्रॅम्पिंग’, ठणकत असेल तर ‘थ्रॉबिंग’, आणि मंद पण न थांबणारं दुखणं असेल तर ‘डल’. पोटदुखीच्या या उदाहरणात ‘इट्स अ बर्निंग पेन’.

यापुढे सगळी मदार क्रियापदांवर. ‘इट कम्स अँड गोज’ म्हणजे येतं-जातं. सतत असेल तर ‘इट्स देअर ऑल द टाइम’. ‘इट कम्स ऑन अबाउट अॅन अवर आफ्टर आय ईट’, म्हणजे जेवल्यावर तासाभराने सुरू होतं. ‘इट गेट्स वर्स व्हेन आय लाय डाउन’. ‘अँटासिड हेल्प्स, बट इट वेअर्स ऑफ’, म्हणजे आम्लता कमी करणाऱ्या औषधाने बरं वाटतं, पण त्याचा असर उतरतो. एवढं सांगितलं की ‘गॅस्ट्रायटिस’ हा शब्द न उच्चारता डॉक्टरला हवं ते बहुतेक सगळं मिळतं. शेवटी जे होत नाही तेही सांगावं: ‘नो व्हॉमिटिंग, नो ब्लड, आय हॅव्हन्ट लॉस्ट वेट’. हे नकार त्याला तितकेच कामाचे असतात आणि यादी पाठ करणाऱ्याला ते सुचत नाहीत.

तीव्रतेच्या प्रश्नावर शून्य ते दहामधला आकडा मागतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकं. हा आकडा मला फारसा भरवशाचा वाटत नाही. कुणी लक्ष वेधायला दहा सांगतं, कुणी संकोचाने चार. म्हणून आकड्याला एक परिणाम जोडून देतो: ‘सिक्स आउट ऑफ टेन, अँड इट वेक्स मी अप अॅट नाइट’. झोपमोड होते हे ऐकल्यावर सहाचा अर्थ लागतो.

दोन्ही वाटांची खरी कसोटी चक्कर आल्यावर लागते. यादीत समोर ‘डिझी’ लिहिलेलं असतं, तेवढं म्हणून आपण थांबतो. डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो की खोली फिरतेय असं वाटतं, की आता बेशुद्ध पडू असं वाटतं. पहिल्यात बऱ्याचदा आतल्या कानाचा संबंध असू शकतो, तर दुसऱ्यात रक्तदाब, हृदय अशा गोष्टींकडे बघावं लागतं. ‘द रूम इज स्पिनिंग’ आणि ‘आय फील लाइक आय अॅम गोइंग टु फेन्ट’ ही वाक्यं जवळ असली तर यातली गल्लत टळते. उठून उभं राहताना होतं की कुशीवर वळताना, हे लगेच जोडलं तर आणखी चांगलं. क्रमातला ‘कशाने वाढतं’ हा प्रश्न पाठ असला की ते आपसूक तोंडी येतं.

फार्मसीच्या काउंटरवर चित्र जरा वेगळं आहे आणि तिथे मी यादीला जास्त गुण देईन. बोलणं दोन-चार मिनिटांचं असतं. ब्रिटनमध्ये काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना पाच प्रश्नांचा एक छोटा साचा शिकवतात: औषध कुणासाठी, लक्षणं काय, किती दिवस झाले, आतापर्यंत काय केलं, आणि आणखी कोणती औषधं चालू आहेत. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नाक मोकळं करायला दिल्या जाणाऱ्या स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून ‘आय टेक टॅब्लेट्स फॉर हाय ब्लड प्रेशर’ हे विचारण्याआधीच सांगितलेलं बरं. औषधाचं ब्रँडचं नाव देश बदलला की निरुपयोगी ठरू शकतं, त्यामुळे घटकाचं नाव लिहून ठेवावं. तिथेही एक गंमत आहे: जे पॅरासिटामॉल ते अमेरिकेत अॅसिटामिनोफेन. खोकला कोरडा असेल तर ‘ड्राय’ आणि कफ पडत असेल तर ‘आय अॅम ब्रिंगिंग अप फ्लेम’. याला क्रमाचा आधार लागत नाही, शब्दच पुरतात.

दोन गोष्टींपासून दोन्ही वाटांवर जपावं. ब्रिटिश माणूस ‘आय वॉज सिक’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा उलटी झाली असा अर्थ असतो, अमेरिकन म्हणतो तेव्हा आजारी होतो असा. त्यामुळे मी ‘आय थ्रू अप’ किंवा, मळमळ असेल तर, ‘आय फील लाइक थ्रोइंग अप’ म्हणतो. आणि आपल्याकडचं ‘लूज मोशन्स’ बाहेर सगळ्यांना कळेलच असं नाही. ‘डायरिया’ म्हणून पुढे ‘सिक्स टाइम्स सिन्स मॉर्निंग, अँड इट्स वॉटरी’ असा आकडा दिला की शरीरातलं पाणी किती गेलं असेल याचा अंदाज डॉक्टर लगेच बांधतो.

छातीत दाबल्यासारखं होऊन ते हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल किंवा दम लागत असेल, तर यातलं काही आठवत बसू नये. ‘चेस्ट पेन, कान्ट ब्रीद’ एवढं म्हणून त्या देशाच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

आता निवड. घरात लहान मुलं आहेत, सर्दी-खोकला आणि पुरळ एवढ्यासाठीच फार्मसीत जावं लागतं, अशांनी यादीच घ्यावी, आणि तीसुद्धा अवयवांनुसार नको, तक्रारींनुसार. जुनं दुखणं आहे, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जावं लागतं, किंवा आई-वडिलांना घेऊन जायचं असून त्यांच्या वतीने बोलायचं आहे, त्यांना मी तरी क्रमच सुचवेन. आई-वडिलांच्या बाबतीत आदल्या दिवशी त्यांना आठ प्रश्न मराठीतच विचारून उत्तरं कागदावर उतरवली तर निम्मं काम तिथेच होतं, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर ‘काही नाही, बरं आहे आता’ हे वाक्य बरीच वडीलधारी माणसं हमखास म्हणतात. कागदावर आदल्या रात्रीचं ‘झोप लागली नाही’ असतं, तेच वाचून दाखवायचं. वेळ फारच कमी असेल तर आठातले दोनच घ्यावेत: केव्हा सुरू झालं, आणि कशाने वाढतं किंवा कमी होतं. बाकीचं डॉक्टर स्वतःच विचारून घेतो.