चष्मा, व्हीआर हेडसेट आणि फिरलेली काच

गेल्या दिवाळीपासून क्वेस्ट ३ हा डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट वापरतोय. मेव्हण्याने दुबईहून आणला. बेळगावात टिळकवाडीत माझं घरांच्या नकाशांचं छोटं ऑफिस आहे. बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला घरातून फिरवून आणायचं, हे हेडसेटचं मुख्य काम. उरलेल्या वेळात टेबल टेनिस. खेळांवर, बॅटरीवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मी फक्त चष्म्याबद्दल लिहितो, कारण मला लहानपणापासून नंबर आहे आणि ऑफिसात येणाऱ्या निम्म्या लोकांच्या नाकावर चष्मा असतो.

माझा नंबर असा: उजवा −४.२५, सिलिंडर −१.२५, ॲक्सिस १७०. डावा −३.७५, सिलिंडर −०.५०, ॲक्सिस १०. सिलिंडर म्हणजे काचेतला एकाच दिशेचा जादा नंबर, आणि ॲक्सिस म्हणजे ती दिशा, अंशांत. हेडसेट चष्म्याशिवाय घातला तर मला भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. पडदा डोळ्यापासून बोटभर अंतरावर आहे, मग लांबचा चष्मा कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आतल्या भिंगांमुळे डोळ्याला ते चित्र साधारण दीड मीटरवर असल्यासारखं वाटतं. हेडसेटप्रमाणे हे अंतर थोडं इकडंतिकडं असतं, पण हातातल्या पुस्तकाइतकं जवळ कधीच नसतं. म्हणून अर्धा-पाऊण नंबरवाल्याचं चष्म्याशिवाय भागून जातं आणि चार नंबरवाल्याचं काहीच भागत नाही.

उलटा प्रकारही बघितला. निपाणीहून एक काका-काकू आले होते, मुलाचं घर बघायला. काकूंना बायफोकल. हेडसेट चष्म्यावरून बसवला, आणि त्या म्हणाल्या, "समोरचं दिसतंय की ओ, पण फरशी सगळी धुकट." साहजिक आहे. खाली बघताना नजर बायफोकलच्या वाचायच्या तुकड्यातून जाते, आणि आतली फरशी डोळ्याच्या हिशेबाने दीड मीटरवर. लांबचा नंबर त्यांना जवळपास नव्हताच. चष्मा काढायला सांगितला आणि फरशीच्या सांध्यांसकट सगळं दिसलं. तेव्हापासून वयस्कर माणूस आला की मी पहिल्यांदा विचारतो, "लांबचं दिसायला चष्मा लागतो की वाचायला?" नुसता वाचायचा असेल तर चष्मा खिशात.

सुरुवातीचे काही महिने मी चष्म्यावरूनच हेडसेट घालत होतो. चालतं, पण फ्रेम कुठली यावर सगळं अवलंबून. माझी नेहमीची जाड फायबरची फ्रेम रुंद आहे. हेडसेटच्या फोमच्या कडा तिच्या दांड्यांवर यायच्या आणि अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागायची. जुनी पातळ तारेची फ्रेम शोधून काढली, तिने निम्मा त्रास कमी झाला. काचेची उंची कमी, दांड्या सरळ आणि पातळ, अशी फ्रेम असेल तर पट्टा फार आवळावा लागत नाही. घालताना हेडसेट आधी समोरून चेहऱ्यावर टेकवायचा आणि मग पट्टा मागे ओढायचा. काढताना नेमकं उलटं. टोपीसारखा मागून वर ओढला की चष्मा आत अडकून निघतो आणि नाकाचे पॅड कातडं खरवडतात.

खरी भीती वेगळीच. हेडसेटची भिंगं प्लास्टिकची आहेत. चष्म्याची काच त्यांना टेकली, मधे धुळीचा कण आला, की ओरखडा कायमचा. आणि तो बरोबर मध्यावर, कारण चष्म्याच्या काचेचा सगळ्यात पुढे आलेला भाग तोच. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याकडची फोमची चौकट पुढेमागे करायला चार टप्पे आहेत. चष्मा असेल तर ती मागे घ्यायची, म्हणजे डोळा आणि भिंग यांच्यात जागा होते. पण तिथेच तोटाही आहे. खिडकीपासून दोन पावलं मागे सरकलं की बाहेरचं कमी दिसतं, तसं डोळा भिंगापासून लांब गेला की चित्राच्या कडा कापल्या जातात. घर दाखवताना हे फार जाणवतं. खोली आहे त्यापेक्षा चिंचोळी वाटते आणि गिऱ्हाईक म्हणतं, हॉल लहान झाला.

म्हणून इन्सर्ट मागवले. म्हणजे आपल्या नंबरच्या दोन काचा, प्लास्टिकच्या कड्यात बसवलेल्या. त्या हेडसेटच्या भिंगांवर टक्कन बसतात. किंमत चष्म्याच्या एका बऱ्यापैकी जोडीइतकी पडली. नंबर लांबचाच द्यायचा. इन्सर्टचा मध्य भिंगाच्या मध्यावरच येतो, त्यामुळे दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, हेडसेटच्या चाकावर नीट लावून घ्यावं लागतं. माझं ६६ आहे. चाक तीन-चार मिलिमीटर चुकलं तर साध्या भिंगापेक्षा नंबरवाल्या काचेतून डोळ्यांवर ताण जास्त येतो, कारण मध्य सोडून बघितलं की नंबरची काच किरण वाकवते.

फरक लगेच जाणवला. फोमची चौकट पुढे आली, खोली रुंद झाली, कानशिलं सुटली. तासभर घातला तरी आत चष्मा आहे हे डोक्यात येत नाही. ब्लू कटचं कोटिंग मी घेतलं नाही, आणि घेऊही नका असं सांगेन. गिऱ्हाइकाला भिंतीचा रंग दाखवायचा आणि मधे पिवळसर काच, हे कसं चालेल?

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहायला बसलो.

पावसाळ्यात उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. फार नाही. मेनूतल्या अक्षरांना एक तिरकी सावली, शेवटी डोकं जड. आधी वाटलं बाष्प असेल. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. गार हेडसेट गरम चेहऱ्यावर बसला की इन्सर्ट आणि भिंगाच्या मधल्या फटीत दव धरतं, आणि तिथे कापड पोचत नाही. पण ते दव पाच-दहा मिनिटांत विरतं. ही सावली विरत नव्हती.

मग वाटलं हेडसेट नीट बसला नसेल. पण बसण्यात गडबड असेल तर तो वर-खाली सरकवताना कुठेतरी एका जागी चित्र स्वच्छ होतंच. इथे कुठेच होईना. डावा डोळा मिटून बघितलं तर गंमत दिसली. उतरत्या छपराची एक बाजू बऱ्यापैकी धारदार, दुसरी पुसट. दाराची चौकट पुसट, पण मान कलती केली की तीच चौकट स्पष्ट. मान कलवली की डोळ्याच्या हिशेबाने उभी रेघ तिरकी होते. म्हणजे एका तिरक्या दिशेच्या रेषा स्पष्ट आणि बाकीच्या नाहीत. हे सिलिंडरचं लक्षण. आणि रोजचा चष्मा घालून सगळं ठीक दिसत होतं.

खडेबाजारातल्या माझ्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने डोळे तपासले, नंबर तोच. म्हणाला, "सर, डोळा जागेवर आहे, तुमची ती काच आणा बघू." दुसऱ्या दिवशी इन्सर्ट नेले. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, उजवी काच, कडं सरळ धरून ठेवली. नंबर बरोबर, सिलिंडर बरोबर, ॲक्सिस १५०. पाहिजे होता १७०.

काच गोल होती आणि कड्यात ढिली बसवलेली. मऊ कापडाने गोल-गोल पुसताना ती थोडी-थोडी फिरत गेली. साध्या नंबरची काच कितीही फिरो, फरक पडत नाही. सिलिंडरची फिरली की पडतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. वीस अंश म्हणजे किरकोळ वाटतं. पण हिशेब असा आहे: उरलेला दोष म्हणजे सिलिंडर गुणिले दोन गुणिले फिरलेल्या कोनाची साइन. २० अंशांची साइन ०.३४, दुप्पट ०.६८, गुणिले सव्वा, म्हणजे सुमारे ०.८५. सव्वाचा सिलिंडर घालूनसुद्धा पाऊणपेक्षा जास्त सिलिंडर डोळ्यावर शिल्लक, आणि तोही नव्याच तिरक्या दिशेला. ३० अंश फिरली असती तर काचेतला सिलिंडर असून नसल्यासारखा, पुढे तर उलटा त्रास. डाव्या डोळ्याचा सिलिंडर अर्धाच, त्यामुळे तिकडची काच फिरली असती तरी मला कदाचित कळलंही नसतं.

चष्मेवाल्याने काच १७० वर आणली. फ्रेममध्ये काच ढिली झाली की कडेने घालतात ती पातळ पारदर्शक पट्टी कड्यात बसवली, आणि काच आणि कडं दोन्हींवर समोरासमोर बारीक रेघ मारून दिली. रेघा जुळल्या म्हणजे काच जागेवर. इन्सर्ट विकणाऱ्यांना मी फोटो पाठवून विचारलं, तर उत्तर आलं, "डोळे तपासून घ्या."

घरच्या घरी बघायची एक पद्धत चष्मेवाल्यानेच दाखवली. इन्सर्ट हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघायची आणि तो कड्यासकट गाडीच्या चाकासारखा हळूहळू फिरवायचा. सिलिंडर असेल तर काचेतली उभी रेघ बाहेरच्या रेघेपासून कलते, एका ठिकाणी दोन्ही एका ओळीत येतात, पुढे पुन्हा कलते. नवीन असताना ही जुळायची जागा कड्यावर पेनने खूण करून ठेवायची. नंतर शंका आली की पुन्हा बघायचं. किती अंश ते यातून कळत नाही, पण काच हलली की नाही ते कळतं.

आता मी इन्सर्ट गोल पुसत नाही. आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवतो, मग कोरडं मायक्रोफायबर मधून बाहेर, हलक्या हाताने. भिंगावर स्पिरिट, कॉलिन वगैरे अजिबात नाही. पावसाळ्यात हेडसेट सिलिकाच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी चालू करून थोडा गरम होऊ देतो. खिडकीशी मात्र कधीच ठेवायचा नाही. भिंगातून ऊन आत गेलं की पडद्यावर जळका डाग पडतो, आणि इन्सर्ट असला म्हणून तो वाचत नाही.

एक गैरसोय राहतेच. हेडसेट घरात एकट्याचा नसतो. पुतण्याला दीड नंबर आहे, तो आला की माझे इन्सर्ट काढा, त्याच्या चष्म्यासाठी चौकट मागे घ्या, चाक फिरवा. गिऱ्हाइकांचं तेच. माझ्या इन्सर्टवरून त्यांनी चष्मा घालून बघायचा म्हटलं तर दोन नंबर एकावर एक, चक्करच यायची. काढघाल करताना भिंगावर बोटं उमटतात आणि कड्याचे खटके झिजतात. माझ्या उजव्या कड्याचा एक खटका आता सैल लागतोय. पुढच्या वेळी चुंबकाने बसणारे घेईन, पण काच गोल नको, कडेला सपाट कापलेली किंवा खाच असलेली पाहिजे, असं आधी लिहून विचारीन. आणि पार्सल आलं की हेडसेटवर लावायच्या आधी तसंच खडेबाजारात नेईन, लेन्सोमीटरवर ठेवायला.