३७ लिटरची टाकी आणि समृद्धी महामार्ग: वापरानंतरचा अनुभव

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. छोटी पेट्रोल एसयूव्ही, ऑटोमॅटिक, टाकी ३७ लिटरची. फीचर्सबद्दल सगळीकडे भरपूर लिहून झालंय. मला फक्त टाकीबद्दल बोलायचंय, कारण घेताना तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही आणि शोरूमवालेही आपणहून सांगत नाहीत.

पुण्यात कोथरूड ते हिंजवडी करताना टाकी छोटी आहे हे जाणवतच नाही. पंप पावलोपावली. खरी परीक्षा झाली नागपूरला जाताना. संभाजीनगरला टाकी पहिल्या ऑटोकटपर्यंत फुल केली. स्क्रीनवर रेंज ५६० किमी. सावंगीला समृद्धीवर चढलो की तिथून नागपूर सव्वाचारशे किमीच्या पुढे, म्हणजे आरामात पोचायला हवं. क्रूझ १२० वर लावला, वेगमर्यादाही तेवढीच आहे. शंभर किमी कापले तेव्हा रेंजचा आकडा १४० ने उतरला होता. मेहकर मागे पडल्यावर तो नागपूरपर्यंतच्या उरलेल्या अंतराच्याही खाली गेला. बायको गुगल मॅप्सवर पंप शोधत होती. या रस्त्याला दुभाजक आहे, शिवाय बाहेर पडायला ठरावीक इंटरचेंजच. पलीकडच्या बाजूचा पंप दिसला तरी उपयोग नाही आणि आपला हुकला तर मागे वळता येत नाही. शेवटी कारंजा लाडला उतरून गावाकडच्या पंपावर पेट्रोल भरलं.

पुण्यात परत आल्यावर तडक सर्व्हिस सेंटर गाठलं. माझं म्हणणं सरळ होतं: रेंज खोटी दाखवते, सेन्सर बदला. त्यांनी स्कॅनर लावला आणि ‘एरर कोड नाही, गाडी नॉर्मल आहे’ असं सांगून जॉबकार्ड बंद केलं. दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि हातात काही नाही, याचा राग अजून आहे. पण तिथल्या एका जुन्या मेकॅनिकने बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यावर माझं मत बदललं.

रेंज म्हणजे टाकीत उरलेलं पेट्रोल गुणिले मागच्या काही अंतराचं ॲव्हरेज. पुणे-अहिल्यानगर-संभाजीनगर मी ८०-९० ने आलो होतो, गाडी १७ चं ॲव्हरेज देत होती. ३३ लिटर गुणिले १७ म्हणजे साधारण ५६०. समृद्धीवर १२० ला तीच गाडी साडेतेराच देते. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० म्हणजे तो अडथळा ४४ टक्क्यांनी जास्त, आणि आमच्या गाडीसारखी उंच, चौकोनी गाडी असेल तर तो जास्तच जाणवतो. स्क्रीनला मात्र हा बदल हळूहळू कळतो, कारण जुनं ॲव्हरेज लगेच पुसलं जात नाही.

मग ३७ मधले ३३ का? हे मी पुण्यातच, घराजवळच्या पंपाच्या आसपास फिरत तपासलं. रेंज शून्य झाल्यावर ऑटोकटपर्यंत ३३ लिटर बसलं. म्हणजे चारेक लिटर गाडी राखून ठेवते. ते मी हिशोबात धरत नाही, वर आणखी तीन लिटर सोडतो. उरले ३० लिटर. १२० ला त्यात ४०५ किमी होतात, संभाजीनगर-नागपूर त्यात बसत नाही. १०० ला १७ चं ॲव्हरेज पडतं, म्हणजे ५१० किमी, मग निवांत बसतं. वेळ जातो पाऊण तासाच्या आत, आणि पेट्रोलसाठी इंटरचेंजला उतरून गावात जाऊन परत येण्यात त्यातला बराचसा जातोच.

आता माझी पद्धत अशी: हायवेवर चढताच ट्रिप बी रिसेट करतो. पन्नासेक किमीनंतर ट्रिप बीवर जे ॲव्हरेज दिसेल, त्याला ३० ने गुणतो. रेंजच्या आकड्याकडे बघतच नाही. काटा अर्ध्यावर आला की पुढचा पंप कुठे आहे ते आधीच पाहून ठेवतो, कारण या गाडीत वरचा अर्धा काटा हळू उतरतो आणि खालचा झपझप. शिवाय पंपावरचा मुलगा ऑटोकटनंतर ‘साहेब, राउंड फिगर करू?’ म्हणाला की ठाम नाही म्हणतो. जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, शिरू शकतं. तो खराब झाला तर भरताना नोझल सारखी कट होते, गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते आणि खर्च आपल्या माथी.

एवढं सगळं कळल्यावरही तक्रार राहतेच. सात-आठ लिटर मोठी टाकी दिली असती तर १२० च्या वेगातही तेवढ्यातच शंभरेक किमी जास्त मिळाले असते. शहरात रोज फिरायला ही गाडी मी निर्धास्तपणे सुचवेन. पण वर्षातून चारदा विदर्भात गाव गाठायचं असेल, तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी ब्रोशरमध्ये टाकीची क्षमता बघा. मला पुन्हा घ्यायची झाली तर ४५ लिटरवाली बघेन, भले सनरूफ नसलं तरी चालेल.