लपवलेला आजार लग्नानंतर कळला : विवाह रद्द करून घ्यायचा की घटस्फोट मागायचा?

ऑफिसात येणारे बहुतेक जण एका वाक्याने सुरुवात करतात, “आमची फसवणूक झालीय, लग्न रद्द करून द्या.” फसवणूक झालेली असतेही. पण हिंदू विवाह कायद्यात विवाह रद्द करण्याचा रस्ता (कलम 12) आणि घटस्फोटाचा रस्ता (कलम 13) वेगवेगळे आहेत. कोणता खुला आहे, हे आजार किती गंभीर आहे यापेक्षा तुम्हाला तो कधी कळला आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत, यावर बऱ्याचदा ठरतं. (मुस्लिम, ख्रिश्चन विवाहांचे आणि स्पेशल मॅरेज अॅक्टचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.)

एक कल्पित उदाहरण धरू. लग्न 12 फेब्रुवारी 2023 ला झालं. 20 एप्रिलला बायकोला कपाटाच्या वरच्या फळीवर नवऱ्याची फाइल सापडली. त्यात 2021 पासूनच्या चिठ्ठ्या, ‘स्किझोफ्रेनिया’ असं निदान आणि दहा दिवस भरती असल्याचं डिस्चार्ज कार्ड होतं. ती माहेरी गेली, दोन्हीकडची मोठी माणसं बसली, “गोळ्या चालू आहेत, सुधारेल” असं ठरलं आणि मे महिन्यात ती परत नांदायला आली. जानेवारी 2024 मध्ये कायमची निघाली आणि जुलै 2024 मध्ये वकिलाकडे पोहोचली.

कलम 12 मध्ये फसवणुकीचं एक पोटकलम आहे : जोडीदाराविषयीची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर विवाह रद्द होऊ शकतो. पण त्याला दोन कुलपं आहेत. फसवणूक कळल्यापासून एक वर्षात अर्ज करायला हवा, आणि कळल्यानंतर स्वखुशीने पती-पत्नी म्हणून एकत्र राहिलेलं नसावं. आपल्या उदाहरणात मुदत एप्रिल 2024 मध्येच संपली. ती संपली नसती, तरी मे ते जानेवारीचं नांदणं आडवं आलंच असतं. ‘घर मोडू नये’ म्हणून घेतलेला निर्णय इथे अर्जदाराच्याच अंगावर येतो. मला हा नियम कठोर वाटतो, पण कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे.

याच कलमात दुसरा आधार आहे आणि त्याला ही एक वर्षाची अट नाही. लग्नाच्या वेळीच जोडीदाराला असा किंवा इतका मानसिक आजार होता की तो विवाहाला आणि अपत्यजननाला अयोग्य होता, असं दाखवायचं. लपवालपवी सिद्ध करण्याची इथे गरज नाही. मात्र पुरावा लग्नाच्या दिवसाकडे बोट दाखवणारा हवा. 2024 ची तपासणी 12 फेब्रुवारी 2023 बद्दल फार थोडं सांगते. 2021-22 च्या नोंदी जास्त बोलतात.

घटस्फोटाच्या बाजूला हा लग्नाच्या तारखेचा काच नाही. आजार लग्नाआधीचा असो वा नंतरचा, तो असा आणि इतका आहे का, की अर्जदाराने त्या व्यक्तीबरोबर राहावं अशी अपेक्षा करणं वाजवी ठरणार नाही, एवढंच पाहिलं जातं. लपवणं आणि त्यानंतरची वागणूक क्रूरतेच्या आधारातही मांडता येते. अट एक : लग्नाला वर्ष होईपर्यंत, अपवादात्मक त्रासाची परवानगी सोडली, तर अर्ज दाखल होत नाही. विवाह रद्द करण्याच्या अर्जाला ही अट नाही. त्यामुळे आपल्या उदाहरणातली बाई 21 एप्रिल 2023 ला निघाली आणि परत गेली नसती, तर ताबडतोब रद्द करण्याचा अर्ज करू शकली असती. जुलै 2024 मध्ये मी तिला घटस्फोट मुख्य मागणी ठेवायला आणि लग्नाच्या वेळच्या अयोग्यतेचा आधार पर्यायी मागणी म्हणून जोडायला सांगेन.

‘घटस्फोटित’ हा शिक्का नको म्हणून अनेक जण रद्द करण्याचा हट्ट धरतात. मुलं दोन्ही बाबतीत औरसच राहतात, आणि पोटगीचा प्रश्नही रद्द झाल्याने आपोआप मिटत नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाह शून्य ठरला तरी कलम 25 खाली कायम पोटगी देता येते, असं स्पष्ट केलं.

आता पुराव्याकडे. खटले इथेच जिंकले-हरले जातात. 1988 च्या राम नारायण गुप्ता प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं एकच : आजाराचं नाव पुरेसं नाही, त्याची तीव्रता दाखवा. 2013 च्या कोल्लम चंद्रशेखर प्रकरणात पत्नीला स्किझोफ्रेनिया असल्याचा आरोप होता. ती स्वतः डॉक्टर, सरकारी नोकरीत कार्यरत. घटस्फोट नाकारला गेला. 2006 च्या विनीता सक्सेना प्रकरणात मात्र पतीचा आजार आणि त्यातून झालेला छळ पुराव्याने समोर आला, आणि घटस्फोट मिळाला.

म्हणून सापडलेली चिठ्ठी हा फक्त धागा समजा. ओलान्झापिनची गोळी स्किझोफ्रेनियासाठी देतात तशी बायपोलर आजारासाठीही देतात, आणि समोरचा वकील उलटतपासणीत पहिलं तेच विचारतो. नंतरचे प्रश्न असे : “डॉक्टर, तुम्ही यांना किती वेळा तपासलंत? कोणत्या तारखांना? इतिहास कुणी सांगितला, रुग्णाने की अर्जदाराने?” एका भेटीत, बायकोच्या सांगण्यावरून लिहिलेला दाखला इथेच कोसळतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरला समन्स काढून केस पेपरसह साक्षीला आणावं लागतं. त्याच्या जोडीला घरातल्यांची तारीखवार साक्ष हवी : कोणत्या रात्री काय घडलं, कोण हजर होतं. “वेड्यासारखं वागतो” या वाक्याला काही वजन नाही.

जोडीदार तपासणीला तयार नसेल तर? 2003 च्या शारदा विरुद्ध धर्मपाल निकालानुसार कोर्ट वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं. पण आधी तुमच्याकडे प्रथमदर्शनी भक्कम पुरावा हवा. आदेशानंतरही नकार दिला, तर कोर्ट त्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं.

नपुंसकत्वाचं गणित वेगळं आहे. तिथे विवाह रद्द करण्याचाच आधार आहे, आणि तो जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच झाला नसेल तर. लपवलं होतं का, हे विचारलं जात नाही. एक वर्षाची मुदतही नाही. मूल न होणं म्हणजे नपुंसकत्व नव्हे, ही गल्लत मात्र रोज दिसते. शारीरिक तपासणीचा अहवाल बहुतेकदा “संबंधास अक्षम असल्याचे सूचित करणारे काही आढळले नाही” असा येतो. हा क्षमतेचा दाखला नाही. डॉपलरसारख्या चाचण्या रक्तप्रवाह दाखवतात, त्या दोघांमध्ये काय घडलं ते नाही. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ‘सापेक्ष नपुंसकत्व’, म्हणजे फक्त याच जोडीदाराशी संबंध अशक्य असणं, मान्य करून एका तरुण जोडप्याचा विवाह रद्द केला. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून केस संपत नाही. दोघांच्या साक्षी आणि आपसातले मेसेज महत्त्वाचे ठरतात. उलट, एकदा पूर्ण संबंध झाल्याचं सिद्ध झालं की हा आधार गेला. आणि निराधार आरोप केलात, तर तीच क्रूरता म्हणून समोरच्याच्या हातात हत्यार पडतं.

अर्ज लिहिताना एक गोष्ट वकिलाला आठवण करून द्या. जोडीदार स्वतःचा बचाव करण्याइतका सक्षम नाही असं म्हणत असाल, तर त्याच्या वतीने लढायला पालक नेमण्याची मागणीही करावी लागते. ती न करता निकाल घेतला, तर दोन वर्षांनी अपिलात तोच मुद्दा पुढे येतो आणि साक्षीपुरावा पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ येते.