मॅग्नेशियम सायट्रेट की ऑक्साइड: दोन्ही वापरून पाहिल्यावर

प्रश्न: ऑक्साइडच्या गोळीत मॅग्नेशियम जास्त असते, तर मग सायट्रेट का घ्यावे?

उत्तर: ऑक्साइडच्या वजनात सुमारे 60 टक्के मॅग्नेशियम असते, तर सायट्रेटमध्ये जेमतेम 16 टक्के, त्यामुळे पाकिटावर ऑक्साइडच सरस दिसते. परंतु शोषण होते ते विरघळलेल्या आयनांचेच, आणि ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया करून मॅग्नेशियम क्लोराइड बनते, तेव्हाच आयन मोकळे होतात. सायट्रेटला आम्लावर इतके अवलंबून राहावे लागत नाही.

हिशेबच मांडायचा तर 500 मिलिग्रॅम ऑक्साइडमध्ये 300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. निरोगी व्यक्तींवरील एका चाचणीत ऑक्साइडमधील सुमारे 4 टक्केच शोषले गेल्याचे आढळले होते. तोच आकडा धरल्यास शरीराला 12 मिलिग्रॅम मिळते. 1000 मिलिग्रॅम सायट्रेटमधील 160 मिलिग्रॅमपैकी केवळ 8 टक्के शोषले गेले, तरी तेवढे भरून निघते. चाचण्यांचे आकडे एकसारखे नाहीत, हे मान्यच आहे. कल मात्र बहुधा सायट्रेटकडेच दिसतो.

प्रश्न: मग उरलेल्या मॅग्नेशियमचे काय होते?

उत्तर: विरघळूनही न शोषलेले आयन आतड्यात पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मल सैल होतो. बद्धकोष्ठतेवर ऑक्साइड देतात ते याचसाठी. सायट्रेटही मोठ्या मात्रेत हेच करते, आणि बरेच जलद करते; तपासणीपूर्वी आतडे रिकामे करण्यासाठी ते वापरले जाते. तेव्हा सायट्रेट पोटाला नेहमीच सौम्य असते, असा समज करून घेऊ नये.

मला ऑक्साइडचा कंटाळा आला तो त्याच्या लहरीपणामुळे. दोन दिवस काहीच घडत नसे आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ऐन कामात, उठून जावे लागे. पुढे आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी सुरू झाली, तेव्हा ऑक्साइडचा तोही परिणाम ओसरला. आम्लच कमी, तर ते विरघळणार कशाने? सायट्रेटची मात्रा दोन वेळांत विभागून जेवणाबरोबर घेऊ लागल्यापासून निदान वेळापत्रक तरी माझ्या हाती राहिले आहे. गोळ्या मोठ्या आणि संख्येनेही जास्त आहेत, ही कुरकुर उरतेच.

प्रश्न: म्हणजे ऑक्साइड टाळावेच का?

उत्तर: केवळ बद्धकोष्ठतेसाठी हवे असेल आणि जठरातले आम्ल नेहमीसारखे असेल, तर तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मॅग्नेशियमची कमतरता भरून काढायची असेल, तर मी सायट्रेटकडे झुकेन. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र दोन्हींपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण जादा मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचेच आहे.