कार्यक्रमपत्रिकेच्या फोटोवरून निवेदन: तीन कार्यक्रमांनंतरचा अनुभव

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाला ही पद्धत पहिल्यांदा वापरली, मग प्रजासत्ताक दिनाला आणि दहावीच्या निरोप समारंभालाही. फलकावरच्या कार्यक्रमपत्रिकेचा फोटो काढायचा, फोनने त्यातला मजकूर उचलायचा, तो शीटमध्ये टाकायचा आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि निवेदन लिहायचं.

टायपिंग वाचतं, पण आकडे डोळ्यांनीच तपासावे लागतात. आमच्या बाईंनी हाताने लिहिलेला १ फोनला ९ वाटतो. ‘६.१५’चं ‘६.९५’ झालेलं लगेच कळतं; ‘१ मि.’चं ‘९ मि.’ झालेलं मात्र खपून जातं. आमच्या शंखनादाला अशी नऊ मिनिटं मिळाली होती! आता सगळ्या मिनिटांची बेरीज करून कागदावरच्या शेवटच्या वेळेशी जुळवते. नेमका आठ मिनिटांचा फरक आला, की कुठलातरी १ शोधायला लागते.

खरी अडचण कागदावर नसलेल्या वेळेची. पत्रिकेत १६ नाच, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. गाण्यांची लांबी मोजली तर भरली फक्त ६६. मी खूश! पण रंगीत तालमीत घड्याळ लावलं, तेव्हा एक गट उतरून दुसरा उभा राहायला सरासरी दीड मिनिट लागलं. त्याची झाली २४ मिनिटं, एकूण ९०. म्हणून आता प्रत्येक नाचानंतर ‘रिकामा रंगमंच’ अशी वेगळी ओळ टाकते आणि निवेदन तिथेच बसवते. मी मिनिटाला साधारण शंभर शब्द वाचते. त्यामुळे ऐंशी शब्द पक्के, आणि खाली चार ओळी ‘राखीव’. पहिलीची पोरं रांगेत उभी राहीपर्यंत त्या राखीव ओळीही संपतात, तिथे एक कोडं घालायचं.

वेळ पुढे सरकवणाऱ्या सूत्राने मला एकदा फसवलं. TIME मध्ये मिनिटांच्या जागी 1.5 लिहिलं, तर वरचं अर्धं मिनिट गुपचूप गळतं. सोळा वेळा अर्धं, म्हणजे आठ मिनिटं गायब. आता A रकान्यात वेळ आणि B रकान्यात सेकंद लिहिते, दीड मिनिटाला 90; पुढच्या ओळीची वेळ, म्हणजे A3, अशी निघते:

```
=A2+TIME(0,0,B2)
```

याचा फायदा पाहुणे २५ मिनिटं उशिरा आले तेव्हा कळला. सुरुवातीची एक वेळ बदलली, खालच्या सगळ्या सरकल्या आणि शेवट ९.२० ऐवजी ९.४५ दिसला. उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे काहीच कापावं लागणार नाही हे तिथेच मुख्याध्यापकांना सांगता आलं. छापील प्रत मात्र तशीच राहते. तिच्यात वेळेशेजारी पेन्सिलीसाठी रिकामा रकाना ठेवते.

प्रजासत्ताक दिनाला हा खटाटोप करू नये. सहा कार्यक्रमांसाठी वही पुरे. आणि फोटोतून एक गोष्ट कधीच कळत नाही: कोळीगीतातल्या चार मुली लगेच पुढच्या गोंधळातही आहेत. ते वर्गशिक्षिकांनाच विचारावं लागतं, शक्यतो तालमीच्या आधी.