चिमटी की मूठ? थरथरत्या हाताने घड्याळ चालवताना

माझा डावा हात सहा वर्षांपासून थरथरतो. कंपवात. आमचा कलमांचा धंदा देवगडच्या बाजूला. आंब्याच्या दिवसांत फोन घरात पडवीवर चार्जिंगला आणि मी खाली बागेत, म्हणून मनगटावर घड्याळ आलं. फोन वाजला की घड्याळावरून उचलायचा, एवढीच माझी गरज. पण थरथरत्या हातावरच्या घड्याळाला दुसऱ्या हाताने टिचकी मारणं म्हणजे हलत्या होडीतून धक्क्यावर पाय टाकण्यासारखं आहे. बटण आलं म्हणेपर्यंत सरकलेलं असतं. शिवाय उजव्या हाताला कधी आंब्याचा चीक, कधी पावसाचं पाणी, आणि ओल्या बोटाला काच दाद देत नाही.

म्हणून काचेला हात न लावता, घड्याळ बांधलेल्या हाताच्याच खुणांनी चालणारी सोय शोधली. अशा दोन खुणा मी वापरून बघितल्या. पहिली, अंगठा आणि तर्जनी दोनदा टेकवायची, म्हणजे दुहेरी चिमटी. दुसरी, मूठ आवळायची. कोणाला यातलं एक निवडायचं असेल तर माझा अनुभव कामाला येईल. अनुभव एकट्याचा आहे, हे धरून वाचावं.

चिमटी मिळते कुठे, ते आधी. अॅपलने ती सरसकट सगळ्यांसाठी २०२३ मध्ये सिरीज ९ आणि अल्ट्रा २ वर आणली. सॅमसंगने २०२४ च्या वॉच ७ वर. फोन आला की दोनदा चिमटी, उचलला गेला. गजर झाला, दोनदा चिमटी, थांबला. शिकायला दोन मिनिटं लागत नाहीत. मुठीचा प्रकार मुळात हाताची अडचण असलेल्यांसाठीच केलेला आहे. अॅपलकडे तो AssistiveTouch या नावाखाली २०२१ पासून आहे, सॅमसंगकडेही तशाच खुणा Accessibility मध्ये सापडतात. पण तो लावायला बसावं लागतं, आणि पहिल्या दिवशी माणूस वैतागतो. मीही वैतागलो होतो.

तेव्हा साहजिकच सुरुवात चिमटीने केली. पुतण्याचं घड्याळ महिनाभर मागून घेतलं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण दोष घड्याळाचा नव्हता, माझ्या बोटांचा होता.

झालं असं. एप्रिलचा दुसरा आठवडा, शेडमध्ये पेट्या भरायचं काम चाललेलं. मी खुर्चीवर बसलेलो, डावा हात मांडीवर. भरणाऱ्या बायकांना सांगत होतो की वाशीचा आमचा दलाल कसा दर पाडतो आणि वर हिशोबाची पट्टी पाठवायला कसा आठवडा लावतो. त्यात घड्याळ गुरगुरलं. कोणाचा फोन म्हणून मनगट उचलून बघितलं, नाव नीट दिसेना, म्हणून हात तसाच धरून बोलत राहिलो. दलालाचाच फोन होता. आणि तो उचलला गेलेला होता. माझं शेवटचं वाक्य त्याने अख्खं ऐकलं, मग मनगटातून आवाज आला, "ऐकतोय हां, बोला." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या पट्टीत काय लागलं ते इथे लिहीत नाही.

असं का झालं, ते नंतर ध्यानात आलं. कंपवाताची थरथर हात स्वस्थ असताना येते, सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा, आणि तिची ठरलेली लकब म्हणजे अंगठा तर्जनीवर घासत राहणं. जुने डॉक्टर याला गोळी वळणं म्हणत, कारण औषधाची गोळी दोन बोटांत वळावी तसंच ते दिसतं. म्हणजे घड्याळ ज्या हालचालीची वाट बघत असतं, नेमकी तीच हालचाल माझी बोटं दिवसभर फुकटात करत असतात. हात उचलला की थरथर थांबते, हे खरं. पण उचललेला हात तसाच धरून ठेवला की काही सेकंदांनी ती परत येते. आणि मन गुंतलं, धांदल झाली की वाढते. फोन वाजतो तेव्हा मनगट उचललेलं असतं, धरून ठेवलेलं असतं आणि धांदलही असते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी!

एरवी चिमटी वाईट नाही. महिनाभरात चुकून उचललेले फोन माझ्या मोजणीत सात-आठच असतील, आणि मुद्दाम चिमटी केली तेव्हा ती बहुतेकदा लागली. पण फोन ही गोष्ट अशी आहे की आठातला एकसुद्धा नको त्या वेळी उचलला गेला तर पुरतो.

नंतर स्वतःचं घड्याळ घेतलं आणि मूठ लावली. अॅपलच्या घड्याळात रस्ता असा:

```
Settings > Accessibility > AssistiveTouch > Hand Gestures
```

तिथे मुळातली मांडणी अशी असते: एक चिमटी म्हणजे पुढे, दोन चिमट्या म्हणजे मागे, एक मूठ म्हणजे दाबणे, दोन मुठी म्हणजे कामांची यादी. ती तशीच ठेवली असती तर निवडलेल्या बटणाभोवती जी रंगीत चौकट दिसते, तिला माझी बोटं परत पुढे-मागे नाचवत बसली असती. म्हणून दोन्ही चिमट्यांची कामं काढून टाकली. मग पुढे सरकायचं कसं? त्यासाठी एक पान मागे, AssistiveTouch मध्येच, Scanning Style आहे, ते आपोआप करून ठेवलं. आता चौकट स्वतःच एका बटणावरून पुढच्यावर जाते, मी फक्त हव्या बटणावर आली की मूठ आवळतो. चुकलं तरी ती फेरी मारून परत येते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. Accessibility मध्येच Quick Actions म्हणून वेगळा पर्याय आहे, तो चालू राहिला तर दुहेरी चिमटीने फोन उचलणं मागच्या दाराने परत येतं. तो बंद करायला हवा.

फोन आल्यावर माझा क्रम असा: हात कठड्यावर किंवा गुडघ्यावर टेकवायचा, मूठ दोनदा आवळून सोडायची म्हणजे घड्याळ जागं होऊन चौकट दिसते, ती फोन उचलायच्या बटणावर आली की एकदा मूठ. चिमटीच्या मानाने हे लांबण आहे. चौथ्या-पाचव्या रिंगला फोन उचलला जातो, एखादा सुटतोही. पण दोन वर्षांत आपोआप उचलला गेल्याचं मला आठवत नाही. थरथरीत माझी बोटं घासतात, पण मूठ काही आपणहून वळत नाही. ती मुद्दामच वळावी लागते, आणि मुद्दाम हालचाल करताना थरथर थोडी दबते हा आणखी फायदा.

मुठीचे दोष लपवत नाही. हातात काठी, झेल्याचा बांबू किंवा एसटीतला दांडा असेल तर घड्याळाला ती मूठच वाटते. यादी उघडते, मधेच काहीतरी दाबलं जातं. म्हणून घड्याळ काठीच्या हातात नको. मी उजव्या हाताने काठी धरतो, घड्याळ डाव्यात. बोटांचे सांधे सुजणाऱ्यांना दिवसातून वीसदा मूठ आवळणं दुखेल, त्यांना चिमटीच सोयीची पडावी. आणि औषधाचा असर उतरल्यावरच्या तासाभरात मूठ सुटायला वेळ लागतो, मग दोनदा आवळलेली एकदाच धरली जाते. त्या तासात मी फोन वाजू देतो.

आमच्या वाडीतल्या एका काकांना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेली. त्यांच्या मुलाने घड्याळ लुळ्या हातावर बांधलं होतं, डाव्याने दाबायला सोपं म्हणून. वाटतं बरोबर, पण डाव्या हातात पिशवी असली की काका अडकले. त्यांच्या डाव्या हाताला थरथर नाही. घड्याळ डाव्या मनगटावर घेतलं आणि दुहेरी चिमटी लावून दिली, प्रश्न मिटला. त्यांना मी मूठ सुचवलीसुद्धा नाही. तसंच, ज्यांचा हात स्वस्थ असताना शांत असतो आणि कपबशी उचलताना थरथरतो, त्यांचा प्रकार वेगळा. त्यांनी कोपर आणि मनगट टेबलावर टेकवून चिमटी आधी करून बघावी, कदाचित तेवढ्यावर भागेल.

आपलं कोणतं, हे दुकानात उभ्या उभ्या कळत नाही, कारण तिथे आपण हाताकडे लक्ष देऊन असतो. घरी खुर्चीत बसून, चिमटी चालू ठेवून, घड्याळाचा हात मांडीवरून थोडा उचलून धरावा आणि शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजावं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. डॉक्टरही थरथर बघताना मन असंच दुसरीकडे गुंतवतात. त्या मिनिटभरात घड्याळावर काही आपोआप हललं तर चिमटी तुमच्यासाठी नाही. नाही हललं तर मुठीचा खटाटोप कशाला?

पट्ट्याचं तेवढं सांगतो, दोन्ही खुणांना लागू आहे. घड्याळ खूण ओळखतं ते हालचालीच्या सेन्सरवर आणि मागच्या हिरव्या दिव्याने दिसणाऱ्या रक्ताच्या प्रवाहावर. म्हणजे पाठ कातडीला चिकटलेली हवी. मे महिन्यात आपल्याकडे घामाने पट्टा सरकतो, घड्याळ हाडावर येतं आणि खुणा लागेनाशा होतात. मला आधी वाटलं आजार वाढला. पट्टा होता. हाडाच्या बोटभर वर, सैल नाही असा बांधावा. बकलाचा पट्टा थरथरत्या हाताने लागत नाही. ओढून चिकटवायचा कापडी घ्यावा. तो घामाने ओला राहतो, म्हणून मी दोन ठेवलेत, एक दांडीवर वाळत असतो.

दलालाचा फोन अजून येतो. मी हात कठड्यावर टेकवतो, दोनदा मूठ, मग चौकटीची वाट. तो विचारतो, "काय ओ, उचलायला एवढा वेळ?" मी सांगतो, पेटी भरत होतो.